काळी दोनचे हॉर्न

फोर्टमधल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती चिमुकली पिवळी वही मला सापडली. तळहाताहून जरा मोठी, कडा तपकिरी झालेल्या. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचा स्कोअर. भाव करताना विक्रेत्याने ती उघडून पाहिली, आत अक्षरं दिसेनात म्हणून स्वतःच भाव उतरवला आणि माझ्या हातात दिली.

मी पेटीवाला माणूस. स्वरलिपी मला नवी नाही, पण आमची स्वरलिपी म्हणजे भातखंडे पद्धतीची. सरळ एक ओळ, सा रे ग म, खाली सम आणि टाळीच्या खुणा. एक गळा गातो, एक ओळ लिहिली जाते. त्या हिशेबाने मी घरी आलो, कानाला हेडफोन लावले, पहिलं पान उघडलं आणि जगातल्या कुठल्याही वाचकाने केलं असतं तेच केलं. सगळ्यात वरच्या ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवलं.

संगीत सुरू झालं. ते चार प्रसिद्ध ठोके, तीन आखूड आणि एक लांबलेला, मग पुन्हा चार. कानात दणका आणि बोटाखाली काहीच नाही. पहिल्या बारमध्ये एक छोटासा काळा ठोकळा, रेषेला उलटा लटकलेला. दुसऱ्यात तोच. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात तोच. तो ठोकळा म्हणजे त्या बारपुरती विश्रांती, एवढं मला माहीत होतं. मी घाईने दुसऱ्या ओळीवर आलो, तिथेही ठोकळे. तोवर संगीत कुठल्या कुठे गेलं होतं. तीनदा पुन्हा लावून पाहिलं आणि तीनही वेळा पानाच्या वरच्या टोकाला मी एकटाच उभा.

तेव्हा आम्ही माहीमला राहायचो. खालच्या मजल्यावर एक गोवेकर गृहस्थ होते. आयुष्यभर सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवलेले. सगळी इमारत त्यांना अंकलच म्हणायची, मीही. वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि हसले.

“तू वरून वाचतोस. चुकलं तुझं. खालून वाच. गाणं खाली असतं.”

त्यांचं बोट पानाच्या खालच्या अर्ध्यात, वरून आठव्या ओळीवर टेकलं. तिथे पहिलं व्हायोलिन होतं आणि त्याच्या ओळीत ते चार ठोके स्वच्छ छापलेले. त्याखाली दुसरं व्हायोलिन, मग व्हियोला, चेलो, डबल बेस. सगळ्यांना तेच. आणि वर, त्या ठोकळ्यांच्या गर्दीत, तिसऱ्या ओळीत क्लॅरिनेटलाही स्वर होते. पाचव्या सिंफनीचे पहिले पाच बार एवढीच माणसं वाजवतात. तंतुवाद्यं सगळी आणि त्यांच्याबरोबर दोन क्लॅरिनेट. बाकीचे वाद्य मांडीवर घेऊन बसलेले.

तेव्हापासून मी स्कोअरचं पान आधी वाचत नाही, आधी पाहतो. चाळीच्या नकाशाकडे पाहावं तसं. कोण कुठल्या मजल्यावर राहतं ते एकदा कळलं की आवाज आला की डोळा आपोआप त्या दाराकडे जातो.

या पानावर बारा ओळी आहेत. काही आवृत्त्यांत चेलो आणि डबल बेस एकाच ओळीत दाटीवाटीने राहतात, तिथे अकरा. ओळ म्हणजे पाच रेषांचा एक पट्टा, आणि एका पट्ट्यात बहुधा एका जातीची दोन वाद्यं. वरून खाली वाचलं तर फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून. मग हॉर्न, ट्रम्पेट. मग टिंपनी, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यांचे दोन नगारे. आणि तळाशी तंतुवाद्यांच्या पाच ओळी.

हा क्रम पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की वर उंच आवाज आणि खाली खर्ज, सोपं आहे. पण हिशेब जुळत नाही. फ्लूटपासून बसूनपर्यंत आवाज पायरीपायरीने उतरतो हे खरं. पण बसूनच्या खाली हॉर्न आणि ट्रम्पेट लागतात आणि ट्रम्पेट तर बसूनच्या कितीतरी वर चढतो. त्याखाली नगारे खर्जात. आणि नगाऱ्यांच्या खाली लगेच पहिलं व्हायोलिन, जे ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यात उंच आवाजांपैकी एक. तिथून पुन्हा उतार, थेट डबल बेसपर्यंत. म्हणजे वरून खाली येताना आवाजाची रेघ करवतीच्या दातांसारखी जाते. उतरते, एकदम वर उडी मारते, पुन्हा उतरते.

करवतीचा प्रत्येक दात म्हणजे एक कुटुंब. ही कुटुंबं आवाजाच्या उंचीवर ठरलेली नाहीत. आवाज कसा निघतो यावर ठरलेली आहेत. वरचे चौघे फुंकून, भोकं झाकत-उघडत वाजवायचे, आणि मुळात लाकडाचे. पुढचे पितळेचे, ओठ थरथरवून वाजवायचे. मग आपटून वाजवायचे. शेवटी गजाने घासून वाजवायचे. घरात मोठं कोण, धाकटं कोण हे प्रत्येक कुटुंबाने आपापल्यात ठरवायचं. उंच आवाजाचा वर, खर्जाचा खाली.

पानाने ही कुटुंबं वेगळी करूनच छापलीत. डाव्या कडेला प्रत्येक कुटुंबाला जाड चौकोनी कंस असतो. आणि बार संपल्याची उभी रेषा सहसा एका कुटुंबाच्या ओळींतून सलग जाते, कुटुंब संपलं की तुटते आणि पुढच्या कुटुंबात पुन्हा सुरू होते. त्यामुळे दोन कुटुंबांच्या मध्ये एक पांढरी फट राहते. वेगात वाचताना कंडक्टरचा डोळा अक्षरांवर चालत नाही, या फटींवर चालतो. पहिल्या फटीच्या वर लाकूड, शेवटच्या फटीच्या खाली तंतू.

मी अंकलना विचारलं, “स्टेजवरही असंच बसतात ना?”

“छे. स्टेजवर आम्ही पुढे, लाकूडवाले आमच्या मागे, पितळ आणि ढोल सगळ्यात मागे. कागदावर लाकूडवाले सगळ्यात वर, म्हणजे कंडक्टरपासून सगळ्यात लांब. जुळतं फक्त आमचं. आम्ही स्टेजवरही त्याच्या पोटाशी आणि कागदावरही.”

हे त्यांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. स्टँडवर स्कोअर ठेवला की तळच्या ओळी कंडक्टरच्या अंगाला सगळ्यात जवळ येतात. आणि बहुतेक वेळ घराचं जोतं तिथेच असतं. तंतुवाद्यं जवळपास सतत वाजत असतात, वरचे येऊन-जाऊन. म्हणून नवख्याने तळाकडे नजर ठेवावी आणि वर काही हललं की तेवढ्यापुरती उचलावी, हा अंकलचा सल्ला. तंबोऱ्यावर कान ठेवून गाणं ऐकतात तसं.

हा क्रम पहिल्यापासून असाच होता असंही नाही. बाखच्या ट्रम्पेट असलेल्या रचनांत ट्रम्पेट आणि नगारे पानाच्या माथ्यावर मिरवतात. मोझार्टच्या हस्तलिखितांत बहुधा व्हायोलिनं वर, फुंकवाद्यं मध्ये आणि खर्ज तळाला. लाकूड वर आणि तंतू खाली हा आजचा क्रम एकोणिसाव्या शतकात हळूहळू बसत गेला.

एक कोडं मात्र बरेच दिवस सुटलं नाही. पितळेच्या कुटुंबात हॉर्न वर आणि ट्रम्पेट खाली. पण आवाजाने ट्रम्पेट उंच, हॉर्न त्याच्याहून खाली. मग घरातला नियम इथेच का मोडला?

उत्तर शेजाऱ्यांत आहे. ट्रम्पेट आणि नगारे ही जुनी जोडी. राजदरबारातून आणि फौजेतून ती एकत्र आली आणि जुन्या ऑर्केस्ट्रात बहुतेक वेळा एकत्रच वाजते. पाचव्या सिंफनीच्या पहिल्या भागात ट्रम्पेटचा सा आणि नगाऱ्याचा सा एकच. नगारे दोनच, एक सा-मध्ये आणि एक प-मध्ये लावलेला. ही जोडी तोडायची नाही, म्हणून ट्रम्पेट नगाऱ्याला चिकटून बसला. हॉर्नचा स्वभाव वेगळा. त्याचा आवाज गोल, मऊ, लाकडात सहज मिसळणारा. तो बसूनबरोबर खर्ज धरतो, क्लॅरिनेटच्या मागे उभा राहतो. म्हणून त्याची ओळ बसूनच्या लगेच खाली, लाकूड आणि पितळ यांच्या फटीच्या काठावर. कंस पितळेचा आणि संगत लाकडाची.

ही शेजारगाठ किती कामाची आहे हे कळायला मला डाव्या कडेकडे नीट पाहावं लागलं.

पाचवी सिंफनी सी मायनरमध्ये आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर सा पांढरी एक, आणि ग, ध, नि कोमल. तीन कोमल म्हणजे प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन कोमल चिन्हं हवीत. फ्लूटला आहेत. ओबोला आहेत. बसूनला, सगळ्या तंतुवाद्यांना आहेत. पण क्लॅरिनेटला एकच. हॉर्नला एकही नाही. ट्रम्पेटला नाही, नगाऱ्याला नाही. पहिल्यांदा पाहताना मला वाटलं, छापखान्याने खिळे गाळलेत.

अंकलकडे जाण्याची गरज पडली नाही. पेटीवाल्याला हे समजायला वेळ लागत नाही, कारण आमचा जन्मच पट्टी बदलण्यात जातो. पुरुष गायक काळी एकमध्ये गातो, बाई काळी चारमध्ये. दोघांच्या वहीत लिहिलेलं असतं सा रे ग म. आवाज वेगळा, लेखन एकच, कारण सा आपापला. क्लॅरिनेटच्या नावापुढे छापलेलं असतं बी फ्लॅट. म्हणजे याची पट्टी काळी पाच. तो पानावर ‘सा’ वाचतो तेव्हा पेटीवरची काळी पाच वाजते.

मग पहिला ठोका कसा लिहिला असेल ते मीच काढलं. तंतुवाद्यं वाजवतात प प प आणि मग कोमल ग, पांढरी एकच्या हिशेबाने. तेच स्वर काळी पाचच्या हिशेबाने काय होतील? ध ध ध म. पान उघडून तपासलं. क्लॅरिनेटच्या ओळीत ध ध ध म. माझ्या आयुष्यातलं स्कोअरमधलं ते पहिलं बरोबर आलेलं गणित. खाली व्हायोलिन वेगळ्या नावाने, वर क्लॅरिनेट वेगळ्या नावाने, आणि कानाला एकच दणका.

हॉर्नच्या नावापुढे ई फ्लॅट. म्हणजे काळी दोन. त्याच्या ओळीत कोमल-तीव्राचं एकही चिन्ह का नाही हे समजायचं तर त्या काळचं हॉर्न डोळ्यांपुढे आणावं लागतं. 1808 साली हॉर्नला चाव्या नव्हत्या. ती एक लांब गुंडाळलेली नळी, दुसरं काही नाही. ओठाच्या ताणाने त्या नळीतून काही ठरावीक स्वरच निघतात. खालच्या भागात सा, मग प, मग सा, ग, प अशी मोठमोठी अंतरं. वर गेल्यावर ती अंतरं आखडतात आणि रे वगैरे मिळू लागतो. पण मधल्या सप्तकातला ध आणि शुद्ध नि त्या नळीत नाहीत. हात नळीच्या रुंद तोंडात खुपसून ते काढता येतात, पण आवाज घुसमटतो, जोरात तर मुळीच वाजत नाही.

म्हणजे हॉर्नवाल्याला एकच सा आणि त्याच्या नात्यातले मोजके स्वर. वेगळी पट्टी हवी तर नळीचा एक वळवलेला तुकडा काढून दुसरा लावायचा. त्या तुकड्याला क्रूक म्हणतात. लांब तुकडा लावला की पट्टी उतरते. कुठला क्रूक लावायचा ते संगीतकार नावापुढे लिहून देतो. मग ओळीत लिहायचं फक्त सा-प-ग, आमच्या सरगमसारखं. चिन्हांची गरजच नाही. हॉर्नच्या ओळीला पहिल्यांदा पाहताना मला जे रिकामं वाटलं होतं, ते खरं तर पानावरचं सगळ्यात ओळखीचं लेखन निघालं.

आता 59व्या बारला या. पहिल्या भागातली आदळआपट क्षणभर थांबते आणि हॉर्न एकटेच एक हाक देतात. जोरात, दोन्ही हॉर्न मिळून. आकार तोच चार ठोक्यांचा, तीन आखूड, एक लांब, आणि त्यापुढे आणखी दोन लांब. ही हाक देऊनच बेथोव्हन दुसऱ्या मवाळ सुरावटीचं दार उघडतो. हॉर्नच्या ओळीत ती लिहिलीय अशी: प प प सा रे प. उंच पंचमावरून षड्जावर उतरून, रे-ला स्पर्श करून पुन्हा खालच्या पंचमावर. सगळे स्वर नळीत सहज मिळणारे. काळी दोनच्या हिशेबाने ते दणदणीत वाजतात.

पहिल्या भागाच्या उत्तरार्धात सगळं पुन्हा येतं, थोडं बदलून. पूर्वी दुसरी सुरावट काळी दोनच्या घरात होती, आता ती पांढरी एकच्या घरात येते. शेवटी घरी परतायचं असतं ना. मग दार उघडणारी हाकही पांढरी एकमध्ये हवी. 303व्या बारला मी बोट हॉर्नच्या ओळीवर ठेवून तयार होतो. हाक आली, पण हॉर्नच्या ओळीत नाही. एक ओळ वर, फटीच्या पलीकडे, बसूनच्या ओळीत.

कारण हॉर्नच्या नावापुढे अजून काळी दोनच आहे. त्या क्रूकवर पांढरी एकची हाक वाजवायची तर स्वर होतात ग ग ग ध नि ग. ध आणि नि. तेच दोन, जे त्या नळीत नाहीत. क्रूक बदलायला वेळ हवा, आणि वाजत्या संगीतात तो कुठून आणणार? घुसमटलेल्या आवाजात ही हाक देऊन उपयोग नाही, ती शिंगासारखी फुटली पाहिजे. मग बेथोव्हनने ती शेजाऱ्याला दिली. पानावर शेजारच्या ओळीत राहणाऱ्या, ऑर्केस्ट्रात हॉर्नबरोबर नेहमी उठणाऱ्या-बसणाऱ्या बसूनला.

मी ते स्वर वाचले. बसूनला पट्टीचा गोंधळ नाही, तो वाजवतो तेच लिहिलेलं असतं. त्याच्या ओळीत होतं: प प प सा रे प. म्हणजे हॉर्नच्या ओळीतलं 59व्या बारचं जे लेखन, तेच बसूनच्या ओळीत 303ला. एकच सरगम, एकदा काळी दोनमध्ये आणि एकदा पांढरी एकमध्ये. मधली ती अर्ध्या सेंटिमीटरची फट ओलांडून ती हाक वर आली होती.

अंकलना दाखवलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले. “आता हॉर्नला व्हॉल्व्ह आहेत. आता सगळे स्वर मिळतात. कितीतरी कंडक्टर इथे हॉर्नलाच देतात हे. बसूनला कोण ऐकतो एवढ्या गोंधळात?”

व्हॉल्व्ह आले ते या सिंफनीनंतर काही वर्षांनी. आज कुठलाही हॉर्नवाला ती हाक पांढरी एकमध्ये सहज मारतो. म्हणून ध्वनिमुद्रिका ऐकताना तुम्हाला दोन्ही मिळतील. काहींत हॉर्न, काहींत छापल्याप्रमाणे बसून, काहींत दोघं मिळून. माझ्याकडच्या एका रेकॉर्डिंगमध्ये हॉर्न आहेत. स्कोअर घेऊन ते ऐकलं की बोट एका ओळीवर असतं आणि कान दुसरीकडे. बरोबर कोण, हे ठरवायला मी कुणी नाही. एवढंच कळतं की ज्यांनी हॉर्नला दिलं त्यांनी बेथोव्हनच्या मनातला आवाज राखला असं ते म्हणू शकतात, आणि ज्यांनी बसूनकडे ठेवलं त्यांनी त्याने प्रत्यक्षात केलेली तडजोड राखली.

हे सगळं मला दिसलं कारण माझ्या हातात सगळ्यांचं एकत्र पान होतं. वाजवणाऱ्यांच्या हातात ते नसतं. ही सिंफनी 22 डिसेंबर 1808 रोजी व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. पुढच्या वर्षी ती छापली गेली, पण सुट्या पानांत. प्रत्येक वाद्याला त्याच्यापुरती ओळ. सगळ्या ओळी एकाखाली एक मांडलेला पूर्ण स्कोअर छापून निघाला तो 1826 मध्ये. मधली 17 वर्षं ही सिंफनी वाजवणाऱ्या बसूनवाल्याला त्याच्या सुट्या पानावर फक्त एवढं दिसत असणार की इथे एक हाक आहे, जोरात वाजवायची. ती कुणाची होती हे त्याच्या पानावर लिहिलेलं नव्हतं.

अंकलना हे ऐकून गंमत वाटली. “स्टुडिओत आमचंही तसंच. आमच्या स्टँडवर फक्त आमचं पान. सगळं पान फक्त अरेंजरकडे. आम्ही वाजवायचो, थांबायचो, मोजायचो. बाकीचं गाणं आम्हाला सिनेमा लागल्यावर कळायचं.”

तिसरा भाग संपता संपता पान अगदी रोड होतं. जागा वाचवायला छापणारे रिकाम्या ओळी वगळतात, त्यामुळे कधी बारा ओळींचं पान पाच-सहा ओळींवर येतं. नवखा वाचक इथेच हरवतो, कारण वरून आठवी ओळ म्हणजे पहिलं व्हायोलिन हा हिशेब आता लागू पडत नाही. अशा वेळी डाव्या कडेची नावं पुन्हा वाचावीत आणि कंसावर विश्वास ठेवावा. एकाच पानावर दोन थर छापले असतील तर मध्ये दोन तिरक्या रेघा दिसतात. त्या चुकवल्या तर डोळा एका थरातून दुसऱ्यात घसरतो आणि आपण दहा बार मागे-पुढे कुठेतरी पडतो.

त्या रोड पानांवर तंतुवाद्यं स्वर लांबवत धरून बसलेली असतात आणि त्यांच्या वरच्या ओळीत नगारा अगदी हळू सा-वर टकटक करत राहतो. सुमारे 50 बार हा अंधार चालतो. मग हळूहळू ओळी वाढू लागतात, आवाज वाढू लागतो, आणि पान उलटलं की चौथा भाग.

हे पान मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी काय ऐकायचं ते विसरून नुसता मोजत बसलो. वर फ्लूटच्याही वर एक नवी ओळ आलीय, पिकोलो. लाकडाच्या तळाशी बसूनच्या खाली काँट्राबसून. आणि पितळेत, ट्रम्पेट आणि नगाऱ्याच्या त्या जुन्या जोडीच्या मध्ये, तीन ट्रॉम्बोन. हे तीन वादक पहिले तिन्ही भाग स्टेजवर नुसते बसून असतात आणि तोवर पानावर त्यांच्यासाठी ओळही नसते. आता ते ट्रम्पेट आणि नगारा यांच्यामध्ये बाक सरकवून बसले आणि पानावरचा खालचा सगळा संसार खाली ढकलला गेला.

मग नजर डाव्या कडेला गेली. तिथे काहीच नव्हतं. तीन कोमल चिन्हं फ्लूटला नाहीत, व्हायोलिनला नाहीत, बसूनला नाहीत. हा भाग सी मेजरमध्ये, सगळे स्वर शुद्ध. पण क्लॅरिनेटलाही काही नाही, कारण त्याने आता काळी पाचचं वाद्य खाली ठेवून पांढरी एकचं उचललंय. ट्रम्पेट आधीपासूनच पांढरी एकमध्ये. नगारे तसेच. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळींचा सा एक झालेला, कडा कोरी.

हॉर्नच्या नावापुढेही ई फ्लॅट नव्हतं. सी होतं. लांब क्रूक लावून तेही पांढरी एकमध्ये आले होते.

आता त्यांना प प प सा रे प पांढरी एकमध्ये मोकळ्या गळ्याने म्हणता आलं असतं. पण त्या हाकेची जागा मागेच गेली, 303व्या बारला. मी पानं उलटत तिथे परत गेलो आणि बसूनच्या ओळीवर बोट ठेवलं.